संध्याकाळचे दोन तास आणि पन्नास पोळ्या

गेल्या व्याख्यानानंतर सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न असा होता : "स्वयंपाक उत्तम येतो, संध्याकाळी दोन तास मोकळे असतात, हातात दोन-चारशेच्या वर पैसे नाहीत. काय करता येईल?" उत्तरादाखल यादी वाचून दाखवणं सोपं आहे. डबे, फराळ, केक, मसाले, क्लास. पण यादी ऐकून कुणी घरी जाऊन परात काढत नाही. म्हणून आज एकच काम घेऊ आणि ते शेवटपर्यंत पाहू. ते काम म्हणजे शेजारच्या घरांना मोजून पोळ्या करून देणं. पुण्यात पोळ्या, मुंबईच्या मंडळींनी चपात्या म्हणावं, आमची हरकत नाही.

हेच काम का, ते आधी बघू. बचत गटांच्या बैठकांना आम्ही जातो तेव्हा दहांपैकी आठ जणींच्या डोक्यात पहिलं नाव येतं डब्याचं. पोळी, भाजी, वरण, भात. ऐकायला छान. आता हिशेब मांडू. दोन तासांत एकटीच्या हातून सहा पूर्ण डबे होतात असं धरा. डब्याला १०० रुपये, म्हणजे ६००. एका डब्याला शिधा आणि भाजी मिळून ४५ रुपये, म्हणजे २७०. गॅस ३० रुपये. उरले ३००. पण भाजी आणायला, निवडायला पाऊण तास गेला, डबे पोचवायला आणि रिकामे परत आणायला अर्धा तास गेला. दोनाचे सव्वातीन तास झाले. तासाला पडले ९० रुपयांच्या आसपास. शिवाय एक डबा गिऱ्हाइकाकडे तेव्हा दुसरा आपल्याकडे, म्हणजे सहा गिऱ्हाइकांना बारा डबे विकत घ्यायचे. पैसे नाहीत हीच तर आपली सुरुवात होती.

पोळीचं तसं नाही. सामान तीन वस्तूंचं, कणीक, तेल, मीठ. बाजाराला रोज जावं लागत नाही. परात, पोळपाट, लाटणं, तवा घरात आहेच. दुसरा तवा बहुतेक घरांत डोशासाठी पडून असतो. आणि गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, कारण दोघंही नोकरी करणाऱ्या घरात संध्याकाळी सात वाजता भाजी-आमटी कशीबशी होते, अडतं ते पोळ्यांपाशी. कणीक मळा, लाटा, भाजा, ओटा पुसा. भाजी गिऱ्हाइकाच्या आवडीची, तिच्या घरात. त्यामुळे "आज तिखट झाली", "आम्ही कांदा-लसूण खात नाही" ही कटकट आपल्याकडे येत नाही.

आता दोन तासांचं गणित. साडेपाच ते साडेसात धरू, कारण पोळी लोकांना सात-साडेसातला हवी असते. एक किलो कणकेत मध्यम आकाराच्या, घडीच्या, साधारण चाळीस पोळ्या होतात. पन्नास पोळ्यांना सव्वा किलो कणीक, वर लावायला शंभरेक ग्रॅम पीठ. साडेपाचला मळायला घ्यायचं. एकदम सव्वा किलो मळू नका, दोन वेळा मळा. हात कमी दुखतो आणि पाण्याचा अंदाज चुकत नाही. पावणेसहाला मळून झालं की कणीक ओल्या फडक्याखाली वीस मिनिटं ठेवायची. या वीस मिनिटांत गिऱ्हाइकांचे डबे पुसून मांडायचे, कोणाच्या किती ते बघायचं, आणि आपल्या घरची भाजी फोडणीला टाकायची. सहा-सव्वासहाला लाटायला सुरुवात. हात बसलेल्या बाईला दोन तव्यांवर मिनिटाला एक पोळी जरा घाईची होते, पण पन्नास पोळ्या सत्तर मिनिटांत निघतात. सव्वासात-साडेसातला मोजणं, देणं, ओटा पुसणं. पन्नास ही पहिल्या महिन्याची संख्या नव्हे, हे लक्षात ठेवा. पहिले आठ दिवस वीस पोळ्या, मग तीस. साठच्या वर एकटीने जाऊ नये. साठाव्या पोळीनंतर कडा जाड राहायला लागतात आणि ते खाणाऱ्याला लगेच कळतं.

पैसे. खाली दिलेले आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या गल्लीतले घालून बघा. गहू आणि दळण मिळून कणीक किलोला ४५ रुपये धरली तर एक किलो ३५० ग्रॅमचे ६१. घडीला आणि वरून मिळून पोळीमागे अडीच मिली तेल, म्हणजे पन्नासला १२५ मिली, रुपये १९. गॅस ३०. मीठ, फडकी धुणं, एखादी पोळी फाटणं-करपणं याचे १०. एकूण १२० रुपये. पोळी १० रुपयांना दिली तर ५०० आले, ३८० उरले. तासाला १९०. डब्याच्या दुप्पट, आणि भांडवल जवळजवळ शून्य.

इथे थांबून एक गोष्ट सांगतो, कारण नुकसान इथेच होतं. शेजारीण म्हणते, "अगं, सात रुपयांनी दे ना, रोजच्या घेणार आहे." आपल्याला वाटतं तीन रुपयांनी काय जातं? खर्च १२० तोच राहतो. ३५० आले, २३० उरले. भाव तीस टक्क्यांनी उतरला, पण आपली कमाई चाळीस टक्क्यांनी उतरली. आणि काम पन्नास पोळ्यांचंच. म्हणून भाव ठरवायच्या आधी जवळच्या पोळी-भाजी केंद्रात जाऊन एक पोळी विकत घ्या. तिचं वजन हातावर जोखा, भाव विचारा. तिच्याइतका भाव सांगा. कमी सांगायचं कारण नाही, तुमची पोळी ताजी आहे आणि जिन्यावरून खाली यावं लागतं एवढंच अंतर आहे.

"पैसे कसे मागायचे?" समोरच्या रांगेतून एक ताई विचारताहेत. हा खरा अवघड भाग आहे, लाटण्यापेक्षा अवघड. मुंबईच्या गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बायकांचं काय होत होतं, ते आठवलं पाहिजे. गिरणी कामगार दोन वेळ जेवायचे आणि पगार झाला की महिन्याचे पैसे द्यायचे. बाईला मात्र तांदूळ-पीठ रोज लागायचं. मग ती वाण्याकडून उधारीवर घ्यायची, सावकाराकडून व्याजाने उचलायची. दिवसभर चुलीपुढे राबून जे सुटायचं ते व्याजात जायचं. त्यांचा स्वयंपाक चांगला होता, गिऱ्हाईक भरपूर होतं, तरी हात रिकामा. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, ते याच कोंडीतून सोडवायला. कोंडी पैशाच्या क्रमाची होती. माल आधी जायचा, पैसा महिन्याने यायचा.

आपण क्रम उलटा करायचा. त्यासाठी आमच्या ओळखीच्या बायका वापरतात तो उपाय म्हणजे कार्ड. जुन्या लग्नपत्रिकेचा कोरा तुकडा घ्या, त्यावर वीस चौकोन आखा. वीस पोळ्यांचं कार्ड, २०० रुपये, आधी. जेवढ्या पोळ्या नेल्या तेवढे चौकोन खोडायचे आणि तारीख घालायची. कार्ड गिऱ्हाइकाकडे, तशीच नोंद आपल्या वहीत. कार्ड संपलं की नवीन. यात उधारी हा शब्दच येत नाही, आणि रोज दारात सुट्ट्या पैशांची काढघालही नाही. मागायला संकोच वाटतो तिथे कार्ड बोलतं. "ताई, तुमचे तीनच चौकोन राहिलेत" हे म्हणायला जड जात नाही.

पण अनोळखी हाताला आधी पैसे कोण देईल, हा प्रश्न रास्त आहे. सुरुवात अशी करा. पाच घरं निवडा, सगळी एकाच इमारतीत किंवा शेजारच्या. एका संध्याकाळी प्रत्येक घरी दोन पोळ्या फुकट द्या, दहा पोळ्या, आपला खर्च पंचवीस रुपये. दुसऱ्या दिवशी काही विचारू नका. तिसऱ्या दिवशी कार्ड घेऊन जा. पाचांपैकी तीन घरांनी कार्ड घेतलं तर ६०० रुपये हातात आले. त्यात दहा किलो गहू, दळण आणि एक लिटर तेल येतं. म्हणजे पहिल्या दोन किलो कणकेपुरते पैसे सोडले तर धंद्याने स्वतःचं भांडवल स्वतः आणलं. आणि पाचांपैकी एकानेच घेतलं तर? तर तुमच्या इमारतीत गरज नाही, किंवा पोळीत काहीतरी आहे. पंचवीस रुपयांत ते कळलं, हे स्वस्तच.

पोळीत काय असू शकतं, ते आता बघू. गरम पोळी सगळ्यांचीच छान लागते. तुमची पोळी गिऱ्हाईक खातं ती नऊ वाजता. म्हणून रोज पहिल्या पाचातली एक पोळी डब्यात बाजूला ठेवा आणि साडेनऊला, न तापवता, स्वतः खा. यापेक्षा मोठी परीक्षा नाही. ती वातड लागली, तर बहुतेक वेळा कणीक घट्ट होती किंवा भिजायला वेळ मिळाला नाही. कडा कडक झाल्या तर तवा मंद होता. मंद तव्यावर पोळी जास्त वेळ राहते, तिच्यातलं पाणी उडतं, ती भाजली जाण्याऐवजी वाळते. तवा चांगला तापलेला हवा, पोळी पटकन उलटली पाहिजे. खालची पोळी ओली, चिकट लागली तर चूक डब्यात आहे. गरम पोळ्या एकावर एक रचून झाकण लावलं की वाफेचं पाणी होतं आणि तळाशी उतरतं. तव्यावरून काढलेली पोळी आधी मिनिटभर जाळीवर किंवा पसरलेल्या सुती फडक्यावर टाका, मग रचा. डब्यात खाली-वर फडकं ठेवा. गिऱ्हाइकाला सांगा की डब्यासोबत स्वतःचं धुतलेलं फडकं द्या. फॉइल आणि पिशव्यांचा खर्चही वाचतो.

गहू बदलला की पोळी बदलते, हेही ध्यानात असू द्या. घरी चालतं, नवऱ्याला कळत नाही. गिऱ्हाइकाला कळतं. नवीन पोतं उघडलं की त्याच्या पहिल्या पोळ्या घरी खा, पाणी किती पितो ते बघा, मग विक्रीला घ्या. उन्हाळ्यात मळलेली कणीक लवकर आंबते, तेव्हा गार पाण्याने मळा आणि दुपारी मळून ठेवण्याचा मोह टाळा. फ्रीजमध्ये ठेवलेली कणीक काळपट पडते. पोळी चवीला बरी लागेल, पण डबा उघडल्यावर रंग दिसतो.

हिशेबाची एकच युक्ती सांगतो. विक्रीची कणीक घरच्या कणकेत मिसळू नका. वेगळा डबा, त्यात मोजून पाच किलो. तो डबा संपेपर्यंत वहीतल्या पोळ्या मोजा. कणकेला आणि लावायच्या पिठाला धरून पाच किलोत एकशे ऐंशी-पंच्याऐंशीच्या आसपास पोळ्या निघायला हव्यात. दीडशेच निघाल्या तर दोनच कारणं असतात. एकतर हात सैल झालाय आणि पोळी मोठी होतेय, किंवा घरच्या पोळ्या त्याच डब्यातून जाताहेत. दुसरं कारण जास्त वेळा सापडतं. घरच्यांनी खाऊ नये असं आम्ही म्हणत नाही. फक्त वेगळ्या डब्यातून. नाहीतर महिन्याच्या शेवटी "एवढं राबून काही उरत नाही" असं वाटतं आणि चालणारं काम बंद होतं.

आता कायद्याचं थोडक्यात. घरून अन्न विकणाऱ्यालाही एफएसएसएआयची नोंदणी लागते. लहान व्यावसायिकासाठी ती साधी नोंदणी आहे, परवाना नव्हे. अर्ज foscos.fssai.gov.in या पोर्टलवर स्वतः भरता येतो. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा लागतो. फी वर्षाला १०० रुपये अशी राहिली आहे. अर्ज करताना पडद्यावर दिसेल तेवढीच भरा. "आम्ही काढून देतो, दोन हजार द्या" म्हणणारे भेटतील, त्यांची गरज नाही. दुसरी गोष्ट गॅसची, जी कुणी सांगत नाही. घरगुती सिलिंडर फक्त घरच्या स्वयंपाकासाठी आहे, धंद्याला व्यावसायिक सिलिंडर घ्यावा, असा नियम आहे. तो महाग पडतो, म्हणून वरच्या हिशेबात आम्ही गॅस पोळीमागे साठ पैसे असा जरा हात राखून धरलाय. घडीची पोळी इंडक्शनवर सपाट बुडाच्या लोखंडी तव्यावरही होते. फुलका मात्र तिथे होत नाही, त्याला जाळ हवा.

कुणाकुणाला हे काम जमणार नाही, तेही सांगायला हवं. तुमचे मोकळे दोन तास जर रात्री नऊनंतरचे असतील तर पोळी विसरा, नऊला कुणाला पोळी नको असते. त्यांनी सुक्या चटण्यांकडे बघावं, शेंगदाणा, कारळं, जवस. रात्री करा, शनिवार-रविवारी विका. फक्त लसूण घातलेली चटणी लवकर बिघडते आणि शेंगदाणा खवट होतो, म्हणून आठवड्यात खपेल एवढीच करा आणि पाकिटावर घटक, वजन, केल्याची तारीख आणि नोंदणी क्रमांक घाला. ज्यांच्या घरात ओटा एकच आणि सासूबाई किंवा जाऊबाई त्याच वेळी त्यावर, त्यांनी दुसऱ्याच्या घरी जाऊन पोळी-भाजी करण्याचा विचार करावा. त्यात भांडवल खरोखरच शून्य, गॅस त्यांचा, कणीक त्यांची, पगार ठरलेला. काही जणींना "लोकांकडे पोळ्या लाटायला जाते" म्हणायची लाज वाटते. आम्ही तरी सांगू, लाज सोडून हिशेब करा. जाण्यायेण्याचा वेळ धरून तासाला काय पडतं ते बघा. घरबसल्या पोळ्यांपेक्षा जास्त पडत असेल तर जा.

महिन्याला किती, हा प्रश्न राहिलाच. २६ दिवस गुणिले ३८० असा गुणाकार करू नका. कोणी गावाला जातं, कोणाकडे पाहुणे येतात आणि ते बाहेर जेवतात, तुमच्या घरी आजारपण निघतं. बावीस दिवस आणि सरासरी चाळीस पोळ्या धरा. चाळीसचे ४००, खर्च ९६, उरले ३०४. बावीस दिवसांचे ६,६८८. साडेसहा हजार म्हणू. मे महिन्यात विद्यार्थी घरी जातात, नोकरदार सुटी घेतात, तेव्हा हे निम्म्यावर येतं. मार्चपासूनच थोडे बाजूला काढायला लागा.

मागून प्रश्न आलाय : "एखाद्या दिवशी आयत्या वेळी चार पोळ्या जास्त मागितल्या तर?" पाचपर्यंत सांगितलं तर हो. व्हॉट्सअॅपवर ग्रुप करा आणि रोज दुपारी एकच निरोप टाका, "आज किती?" पाचनंतर आलेला निरोप उद्याचा. पहिल्या आठवड्यात दोघी-तिघी नाराज होतील. मळलेल्या कणकेत ऐन वेळी पाणी-पीठ वाढवून केलेल्या चार पोळ्या त्यांना दिल्या, तर त्या चार वातड होतात आणि लक्षात त्याच राहतात. पाहुणे आलेत असं कुणी खरंच दारात येऊन म्हणालं, तर आपल्या घरच्यातल्या द्या, घरी त्या दिवशी भात जास्त लावा. चौकोन मात्र खोडा.

दुसरी चिठ्ठी : "न सांगता सुटी झाली, कार्डाचं काय?" कार्डाला मुदत ठेवू नका. चौकोन उरले ते उरले, पुढच्या महिन्यात घ्यावेत. सुटी आपल्याकडून असेल तर सकाळीच ग्रुपवर कळवा, दुपारी तीननंतर कळवलेली सुटी म्हणजे त्या घरात रात्री आठ वाजता पावाची शोधाशोध. कोणी गाव सोडून चाललं आणि सात चौकोन उरले, तर सत्तर रुपये परत द्या, कार्ड फाडून टाका, वहीत सही घ्या.